बॅकअप कोड: फोनात स्क्रीनशॉट की कागदावर?

जीमेलला टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरून खात्री करायची दुसरी पायरी लावली, की फोन हाताशी नसेल तेव्हासाठी बॅकअप कोड काढून ठेवता येतात, एकावेळी १०, प्रत्येक ८ आकडी आणि एक कोड एकदाच चालतो. बरेचजण स्क्रीनशॉट काढून मोकळे होतात. सोपं आहे, पण तो फोटो राहतो त्याच फोनात, आणि फोटोंचा बॅकअप चालू असला तर त्याच गूगल अकाउंटच्या आत, जे उघडायला कोड हवाय! माझ्या भावाचा फोन मालवण जेटीवर पाण्यात पडला, नवीन फोनवर पासवर्ड बरोबर टाकला तरी दुसऱ्या पायरीला अडला, सिमपण त्याच फोनात गेलेलं, डुप्लिकेट सिम मिळेपर्यंत मेल बंद.

मला कागदच बरा वाटतो. फक्त आपल्याकडे पावसात कपाटातला कागदसुद्धा दमट होतो नि शाई पसरते, म्हणून मी बॉलपेनने लिहून झिपच्या पिशवीत घालून रेशनकार्डाच्या फाईलीत ठेवलेत, वापरलेल्या कोडवर काट मारते. आणि नवीन कोड काढले की जुने सगळे रद्द होतात, तेव्हा जुना कागद लगेच फाडा, नायतर ऐनवेळी तोच हाताला लागतो.

फोन बदलताना आधी नव्यावर लॉगिन करून बघा, झालं की मगच जुना रिसेट करा.