रोलर बेअरिंग की मोठी पुली? बेल्टवरच्या मोटरीसाठी काय निवडाल

साकीनाक्याच्या एका गाळ्यात एक्झॉस्ट ब्लोअरची मोटर दर वर्ष-दीड वर्षाने पुलीकडचं बेअरिंग खाते. मालकासमोर दोन सल्ले आहेत. वाइंडिंगवाला म्हणतो, बॉल काढा, रोलर बेअरिंग टाका. फिटर म्हणतो, पुल्या मोठ्या करा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण एकाचा सल्ला दुसऱ्यापेक्षा बराच चांगला आहे.

मोटर 7.5 किलोवॅट, 1440 फेरे, म्हणजे टॉर्क सुमारे 50 न्यूटन-मीटर. पुली 100 मिलिमीटरची, तीन बी-सेक्शन बेल्ट. आत 6208 बेअरिंग, त्याची क्षमता सुमारे 32.5 किलोन्यूटन. हिशेब एवढाच:

```
F = K × 2T/D
P = F × (L + a)/L
तास = (C/P)^3 × 10^6 / (60 × 1440)
```

T टॉर्क, F बेल्टची ओढ, P बेअरिंगवरचा भार, C बेअरिंगची क्षमता, D पुलीचा व्यास, L दोन बेअरिंगांमधलं अंतर, a पुलीकडच्या बेअरिंगच्या मध्यापासून पुलीच्या मध्यापर्यंतचं अंतर. K हा बेल्टच्या ताणाचा गुणक आहे. व्यवस्थित ताणलेल्या व्ही-बेल्टला तो 1.5 धरतात. इथे मी 2.5 धरला, कारण बी-बेल्टला किमान 125 ची पुली लागते. 100 च्या पुलीवर बेल्ट घसरतो, मग किंचाळतो, आणि माणूस स्लाइड रेलचा बोल्ट आणखी आवळतो. मूळ दुखणं हे आहे.

L 250 मिमी आणि a 100 मिमी धरून F येतो 2500 न्यूटन, बेअरिंगवर येतात 3500. आयुष्य सुमारे 9,300 तास. रोज वीस तास चालणाऱ्या मोटरीला हे सव्वा वर्ष होतं, आणि तेही शंभरातली दहा बेअरिंगं त्याआधीच जातील असं गृहीत धरून.

रोलरचा पर्याय: त्याच मापाचं NU208, क्षमता सुमारे 62 किलोन्यूटन. रोलरसाठी घात 3 ऐवजी 10/3. भार तोच ठेवला तरी आयुष्य दीड लाख तासांच्या वर जातं. आकडा भुरळ पाडणारा आहे, पण दोन अडचणी आहेत. NU प्रकार शाफ्टला लांबीच्या दिशेने धरून ठेवत नाही. ते काम पंख्याकडच्या बेअरिंगने करायचं असतं, आणि पुष्कळ मोटरींत तेच बेअरिंग स्प्रिंग वॉशरवर मोकळं सोडलेलं असतं. ते जागच्या जागी लॉक केलं नाही तर रोटर पुढेमागे सरकत राहतो. दुसरं म्हणजे बेल्टची ओढ कमी झालेलीच नसते. बेअरिंग वाचतं, पण शाफ्टच्या खांद्यावरचा वाक तेवढाच राहतो. बेल्टही तसेच तापत राहतात.

पुलीचा पर्याय: 160 ची पुली. ओढ व्यासाच्या उलट प्रमाणात घटते, म्हणून ताण तसाच कडक ठेवला तरी आयुष्य 38,000 तासांवर, म्हणजे चौपट. आणि आता बेल्ट घसरत नसल्याने K 1.5 वर आणता येतो, मग आयुष्य पावणेदोन लाख तासांच्या आसपास. रोलरइतकंच, आणि शाफ्टही हलका. (एवढे तास ग्रीस टिकत नाही, कागदावरचा मोठा आकडा इतकंच सांगतो की बेअरिंग आता भारामुळे मरणार नाही.) मात्र ब्लोअरची पुलीही त्याच पटीत वाढवावी लागते, 200 ची 320. फक्त मोटरीची बदलली तर पंखा 1.6 पट वेगाने फिरेल, त्याला चौपट पॉवर लागेल आणि ओव्हरलोड लगेच ट्रिप होईल. ब्लोअरच्या गार्डमध्ये 320 मावते का, हे आधी टेपने मोजा.

माझा कौल पुलीला. गार्ड किंवा शाफ्टमधलं अंतर आडवं येत असेल तरच रोलर घ्या. दोन्ही एकत्र मात्र करू नका. रोलरला क्षमतेच्या साधारण 2 टक्के, म्हणजे इथे 1240 न्यूटन, तरी भार हवा. मोठी पुली आणि योग्य ताण असताना बेअरिंगवर 1300 च उरतात, त्यात पुली आत सरकवली की 1170. रोलर फिरण्याऐवजी घसटू लागतात.

पुली आत सरकवणं मात्र 6208 वर जरूर करा, त्याला पैसे लागत नाहीत. खांद्याला टेकवून a 62 वर आला की आयुष्य आणखी चाळीस टक्के वाढतं.

खर्च करण्याआधी जुनं बेअरिंग कापून बघा. बाहेरच्या रिंगवर खवले फक्त बेल्ट ओढतो त्या बाजूच्या कमानीत असतील, तर दोष ओढीचा. खवल्यांऐवजी सगळीकडे बारीक समांतर पट्टे उमटले असतील तर करंटचा संशय घ्या. मग पुली किंवा रोलर, दोन्हींनी फरक पडणार नाही.

नव्या पुलीवर ताण देताना बेल्ट मध्यावर दाबा: शाफ्टमधल्या दर 100 मिमी अंतराला 1.6 मिमी खाली जायला हवा, तोही बेल्टवाल्याच्या तक्त्यात दिलेल्या जोराने. एका दिवसाने पुन्हा तपासा, नवे बेल्ट पहिल्याच दिवशी बसतात.