‘वॉज कुकिंग’ की ‘कुक्ड’? मध्येच फोन वाजला तर इंग्रजीत काय लिहायचं

एक काम चालू असताना मध्येच दुसरं काही घडलं, हे इंग्रजीत लिहिताना मुलं हमखास अडखळतात. चालू भूतकाळ घ्यायचा की साधा? मी त्यांना एकच वाक्य दोन्ही तऱ्हांनी लिहायला लावते.

‘व्हेन बाबा केम होम, वी वेअर ईटिंग.’ बाबांनी दार उघडलं तेव्हा ताटं वाढलेली होती, घास हातात होता. जेवण आधीच सुरू झालं होतं.

‘व्हेन बाबा केम होम, वी एट.’ इथे बाबा आले आणि मग पानं घेतली. आम्ही त्यांच्यासाठी थांबलो होतो.

व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, पण घरातलं चित्र पार बदलतं. म्हणून आधी विचारायचं ते एवढंच: बाबा आले त्या क्षणी जेवण चालू होतं का? चालू असेल तर ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ आणि पुढे ‘इंग’चं रूप. त्यानंतर सुरू झालं असेल तर साधा भूतकाळ.

दुसरा फरक काम पुरं होण्याचा. ‘शी वॉज रायटिंग अ लेटर व्हेन द लाइट्स वेंट आउट’ यावरून पत्र पुरं झालं की अर्धवट राहिलं ते कळत नाही. ‘शी रोट अ लेटर’ म्हटलं की पत्र लिहून झालं.

इथवर मराठी आपल्याला साथ देते. ‘मी भाकरी थापत होते, तेवढ्यात फोन वाजला’ यातलं ‘थापत होते’ म्हणजे चालू काळ, ‘वाजला’ म्हणजे साधा. पण याच भरवशावर राहिलं की पुढचं वाक्य चुकतं: ‘आजी खुर्चीत बसली होती, इतक्यात बेल वाजली.’ मुलं ‘होती’ पाहून ‘हॅड सॅट’ लिहितात. हवं असतं ‘आजी वॉज सिटिंग इन द चेअर व्हेन द बेल रँग’. बसणं, झोपणं, उभं राहणं, कपडे घालणं यांत मराठी झालेली क्रिया सांगते आणि तिची टिकून राहिलेली स्थिती आपण समजून घेतो. इंग्रजी ती स्थितीच चालू आहे असं मांडते. ‘तो झोपला होता’ म्हणजे ‘ही वॉज स्लीपिंग’, ‘तिने स्वेटर घातला होता’ म्हणजे ‘शी वॉज वेअरिंग अ स्वेटर’. माझ्या मते सराव सगळ्यात जास्त या क्रियापदांचा करावा, कारण चूक लिहिणाऱ्याच्या कानाला खटकतच नाही.

उलटी फसगतही होते. ‘मी त्याला ओळखत होतो’ याचं ‘आय वॉज नोइंग हिम’ होत नाही, ‘आय न्यू हिम’ होतं. आणि ‘मी रोज शाळेत चालत जात होतो’ यात मध्ये काही घडलेलंच नाही, ती सवय आहे. तिथे ‘आय वॉक्ड टू स्कूल एव्हरी डे’. तेच ‘शाळेत चालत जात होतो, तेवढ्यात पाऊस आला’ असं झालं, की ‘आय वॉज वॉकिंग टू स्कूल व्हेन इट स्टार्टेड टू रेन’.