किसनंतरची थंड सकाळ: गप्प बसायचं, विचारायचं की भेट ठरवायची?

उदाहरण माझ्या मैत्रिणीचं आहे, तिच्या परवानगीने. तिसरी भेट, शनिवारची. डेक्कनला जेवण, मग झेड ब्रिजवर गप्पा, आणि निघताना पार्किंगमध्ये पहिला किस. पुढाकार त्याचा होता. एरवी सकाळी उठल्या उठल्या मीम पाठवणारा हा मुलगा रविवारी दुपारपर्यंत गप्प होता. तिने "घरी नीट पोचलास ना?" विचारलं, तर "हो" एवढंच उत्तर आलं. संध्याकाळी तिने पुन्हा काही लिहिलं, त्यावर "हम्म, जरा कामात आहे."

अशा वेळी तिच्यापुढे तीन पर्याय होते. पण त्याआधी, तो खरंच लांब गेलाय की तिला तसं वाटतंय हे बघायला हवं. उत्तर किती वाजता आलं यावरून फारसं काही कळत नाही. रविवारी घरी पाहुणे असतात, फोन चार्जिंगला असतो, आणि ब्लू टिक तर सेटिंगमधून बंदही करता येते. उत्तरात काय आहे ते बघा, आणि तेही त्याच्याच आधीच्या मेसेजेसच्या शेजारी ठेवून. उशिरा आलं पण त्यात प्रश्न आहे, कालचा उल्लेख आहे, तर काळजी नको. लगेच आलं पण उलट प्रश्नच नाही, तर गारठा खरा आहे.

कारणं बरीच असू शकतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी कॉलेजमधल्या मुलामुलींना विचारलं होतं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी सांगितलं की आधी आवडणाऱ्या व्यक्तीबद्दलची ओढ पहिल्या किसनंतर ओसरली, असं त्यांच्या बाबतीत घडलंय. म्हणजे आदल्या रात्रीचा उत्साह खोटा होता असं नाही. काहींना याउलट जवळीक वाढली की धास्ती वाटते आणि ते दोन पावलं मागे सरकतात. एखाद्याचं दुसरीकडेही बोलणं चालू असतं. पंचाईत ही की रविवारी सकाळी हे तिघंही "हम्म"च लिहितात. तेव्हा कारण ओळखत बसण्यात अर्थ नाही.

पहिला पर्याय, आपणही गप्प बसायचं. मान राखला जातो, हे खरं. एक दिवसासाठी हे ठीकच आहे, समोरच्याला श्वास घ्यायला जागा मिळते. पण चार दिवस गप्प राहिलात तर तो घाबरून मागे सरकला असेल तरी त्याला वाटणार की तुम्हालाच रस नाही. आणि तुमचं लक्ष तर दिवसभर फोनमध्ये.

दुसरा, सरळ विचारायचं: "काय झालं? माझं काही चुकलं का?" धीटपणाचं वाटतं, पण याला हमखास "काही नाही गं" हेच उत्तर मिळतं. तीन भेटींच्या ओळखीत इतका हिशेब मागितला की माणूस बचावात जातो. एक अपवाद मात्र मी नक्की करीन. किसमध्ये पुढाकार तुमचा असेल, तर आधी हेच साफ करा: "काल घाई झाली असं वाटलं असेल तर मोकळेपणाने सांग, मला राग येणार नाही." इथे समोरच्याची सोय तुमच्या उत्सुकतेच्या आधी येते, आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायचं नाही.

तिसरा, दिवस आणि जागा सांगून एकदाच बोलवायचं. माझं मत याच बाजूला. मैत्रिणीने सोमवारी रात्री लिहिलं: "शनिवारी मजा आली. गुरुवारी सातला कर्वे रोडवर कॉफी?" यात तक्रार नाही, आणि गोलमोल उत्तर दिलं तर ते लगेच उघडं पडतं. "गुरुवारी ऑफिसचं आहे, शनिवारी चालेल?" असं आलं असतं तर नकारातही होकार होता, कारण दुसरा दिवस त्याने स्वतःहून सुचवला. त्याचं आलं, "बघतो, कळवतो." कळवलं नाही.

"बघतो" ला किती मुदत द्यायची यावर आमचं भांडण झालं. ती आठवडा म्हणत होती. माझ्या मते ज्या दिवसाचं बोलावणं, तो दिवस उलटला की संपलं. आठवण करणारा मेसेज पाठवायचा नाही, स्टोरीला हार्टही नाही.

महिन्याभराने "काय म्हणतेस, गायब झालीस!" असा मेसेज आला. असे मेसेज येतातच, आणि मन लगेच पाघळतं. तिने उत्तर दिलं, "मी इथेच आहे. भेटायचं असेल तर दिवस तू सांग." पुढे नुसत्या गप्पा वाढवल्या नाहीत. त्याने एक हसरी इमोजी टाकली, दिवस काही सांगितला नाही.