थर्मल कॅमेरा 7 महिने वापरल्यावर: ओल कुठे दिसते, कुठे फसवते

मोबाईलला लावायचा थर्मल कॅमेरा घेतला जूनमध्ये, कारण बेडरूमच्या भिंतीला पापुद्रे सुटत होते आणि सोसायटीतले सगळे म्हणत होते गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलंय. सेन्सर 256 बाय 192 चा, घरकामाला पुरतो.

पहिले दोन महिने मी चुकीचंच वाचत होतो. कॅमेरा ऑटोवर असला की समोर जे सगळ्यात थंड ते निळं आणि सगळ्यात गरम ते पिवळं, मग फरक अर्धा डिग्रीचा असो नाहीतर दहाचा, त्यामुळे व्हिडिओत ट्यूबलाईट आली की अख्ख्या भिंतीचे रंग बदलायचे आणि मला वाटायचं ओल पसरली! आता आधी तापमानाची रेंज लॉक करतो, साधारण 24 ते 32 डिग्री, आणि मगच रेकॉर्डिंग. मधेच टिक् आवाज येऊन चित्र क्षणभर थांबतं तो शटर असतो, सेन्सर स्वतःला सेट करून घेतो, त्याच्या आगेमागचे आकडे धरू नका.

दुसरं म्हणजे कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, फक्त पृष्ठभागाचं तापमान दिसतं. ओल थंड दिसते ती बाष्पीभवनामुळे, आणि भर पावसात हवाच इतकी दमट असते की बाष्पीभवन जवळजवळ थांबतं, मग ओली भिंत पण कोरडीसारखी दिसते. जुलैत मला काहीच दिसेना. खिडकी उघडून अर्धा तास पंखा लावला तेव्हा डाग भोवतीपेक्षा दीड डिग्री थंड दिसायला लागला. कडा वेड्यावाकड्या असल्या तर ओलीचा संशय, सरळ असल्या तर बहुतेक बीम किंवा कॉलम. तरी मॉइश्चर मीटर टोचून बघायचाच. माझ्याकडे कोरड्या भिंतीवर 9 आला, डागावर 24.

पण हे पाणी येतंय कुठून? भिंतीपलीकडे बाथरूम आहे. गीझर पूर्ण तापवला, गरम पाण्याचा नळ सोडला आणि कॅमेरा स्टँडवर ठेवून बेडरूमच्या बाजूने 20 मिनिटं व्हिडिओ घेतला. सहा-सात मिनिटांनी आतल्या पाइपची बारीक गरम रेघ उमटली आणि एका ठिकाणी ती फुगून ढगासारखी खाली पसरत गेली. एका फोटोत हे कळलंच नसतं. प्लंबरने तेवढ्याच दोन टाइल्स फोडल्या, आत एल्बोचा जॉइंट झिरपत होता. गच्चीचा खर्च वाचला. पण गळती थंड पाण्याच्या लाइनची असती तर ही युक्ती चालली नसती.

उष्णतेसाठी म्हणाल तर एसी चालू असताना दुपारी खिडकीच्या चौकटीच्या फटी आणि एसीचा पाइप जातो ते भोक लगेच चमकतं, ते फोम भरून बंद केलं. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवरचा आकडा मात्र मानू नका, चकचकीत धातू आरशासारखा वागतो, मला त्यात माझाच गरम चेहरा दिसत होता. तिथे इलेक्ट्रिकलची काळी टेप चिकटवायची, थोडं थांबायचं आणि टेपवरचं तापमान घ्यायचं.