बिडाची अप्पक्कारा आणि उन्नियप्पम: काही महिन्यांच्या वापरानंतर

त्रिशूरला राहायला आल्यावर मी उन्नियप्पम, म्हणजे तांदूळ, गूळ आणि केळ्याचे इथले गोड तळलेले आप्पे, करायला सात खळग्यांची बिडाची अप्पक्कारा, म्हणजे इथलं आप्पेपात्र, घेतली. घरी नॉनस्टिकचं आप्पेपात्र असताना हे वजनदार धूड कशाला, असं सासूबाईंनी फोनवर विचारलं होतं. पावसाळ्यापासून वापरतेय, तेव्हा आता उत्तर देता येईल. आपल्या आप्प्यांना खळग्यात चमचाभर तेल पुरतं. उन्नियप्पम मात्र तळायचंच असतं, खळगा अर्धा तेलाने भरावा लागतो. माझ्या आप्पेपात्राचे खळगे उथळ आहेत. तेवढं तेल घातलं की पिठाला जागाच उरत नाही. बिडाचे खळगे खोल आहेत, शिवाय गार पीठ पडलं तरी भांडं थंड होत नाही.

पात्र चांगलं असलं तरी सगळा खेळ पिठाच्या दाटपणावर आहे. माझं ठरलेलं प्रमाण असं: एक वाटी कच्चा तांदूळ (उकडा नको) चार तास भिजवून पूर्ण निथळायचा. पाऊण वाटी चिरलेला गूळ अर्ध्या वाटीपेक्षा कमी पाण्यात विरघळवून गाळायचा आणि कोमट होऊ द्यायचा. कढत पाक तांदळावर ओतला तर पीठ तिथल्या तिथे शिजून गुठळ्या होतात. तांदूळ वाटताना वेगळं पाणी अजिबात घालायचं नाही, गुळाचं पाणीच थोडं थोडं घालत जायचं. बारीक रव्याइतकी कणी राहिली पाहिजे. अगदी गंधासारखं वाटलं तर उन्नियप्पम चिवट होतं. शेवटी एक छोटं, साल काळवंडायला लागलेलं केळं. इथे पाळयनकोडन वापरतात, पुण्या-मुंबईत वेलची केळं चालेल. मोठं केळं असेल तर अर्धंच घ्या, कारण केळ्याने मऊपणा येतो तसं ते जास्त झालं तर आतला भाग तळूनही कच्च्यासारखा चिकट राहतो.

मग वेलची, चिमूटभर सुंठ, काळे तीळ आणि तुपात तांबूस परतलेले ओल्या खोबऱ्याचे बारीक तुकडे. पीठ पाच-सहा तास झाकून ठेवायचं. वर बारीक बुडबुडे आले की समजायचं जमलं. घाई असेल तर चिमूटभर सोडा घालतात, पण मला आंबवलेल्याचीच चव आवडते.

दाटपणा या विश्रांतीनंतर बघायचा, आधी नाही, कारण तांदळाची कणी मधल्या वेळात पाणी पिते. पळीतून पीठ सलग धारेने पडावं आणि खाली पडल्यावर क्षणभर घडी दिसून मग मिसळून जावी. म्हणजे डोशाच्या पिठापेक्षा दाट, इडलीच्या पिठापेक्षा सैल. शेजारच्या चेची, म्हणजे ताई, तर पिठाकडे बघतही नाहीत, एकच उन्नियप्पम तळतात आणि त्यावरून ठरवतात. पीठ पातळ असेल तर कडेला जाळी सुटते, ते तेल पितं आणि उलटताना फाटतं. अशा वेळी चमचाभर तांदळाची पिठी घालायची. घट्ट असेल तर वरचा भाग डोंगरासारखा उंच राहतो, बाहेरून तपकिरी आणि मधे कच्चं निघतं, दुसऱ्या दिवशी तर दगड. त्याला चमचा-चमचा पाणी.

मात्र बाहेरून काळं, आतून कच्चं निघालं तर दोष पिठाला देण्याआधी आच बघा. गूळ फार लवकर करपतो. खोबरेल तेल तापलं की गॅस मध्यमपेक्षा थोडा खाली ठेवायचा आणि खळगा पाऊण भरेल इतकंच पीठ घालायचं. कडा सुटल्या की बारीक काडीने किंवा विणायच्या सुईने उलटायचं. आपल्या गॅसवर मधला खळगा सगळ्यात आधी तापतो. म्हणून मी कडेच्या खळग्यांत आधी पीठ घालते, मधल्यात शेवटी, आणि काढताना मधलं सगळ्यात आधी.

पात्राची तक्रार एकच आहे, ते लाड करून घेतं. नवीन असताना दोन-तीन दिवस पेजेत भिजवलं, मग तेल लावून तापवलं, तरी पहिले घाणे चिकटलेच. प्रत्येक घाण्यानंतर खळग्याच्या कडेला करपलेल्या गुळाचं कडं राहतं. ते तिथेच पुसून काढलं नाही तर पुढचं नेमकं तिथेच अडकतं. धुतल्यावर ओलं ठेवलं की सकाळी गंज हजर. इथे कास्याची अप्पक्काराही मिळते, ती गंजत नाही, पण महाग पडते.

केरळातल्या कोट्टारक्कराच्या गणपतीला उन्नियप्पमाचाच नैवेद्य असतो, म्हणून यंदा चतुर्थीला मीही मोदकांबरोबर केली. आदल्या रात्री तळून ठेवली होती, आणि ते बरंच झालं: गरम असताना कड कुरकुरीत लागते खरी, पण गूळ आणि केळं मुरून खरा मऊपणा दुसऱ्या दिवशीच येतो. डब्यात भरण्याआधी पूर्ण गार करा, नाहीतर वाफेने बुरशी धरते. नीट ठेवलं तर तीन दिवस बाहेर टिकतात. महिन्यातून एकदाच करणार असाल तर हे वजन सांभाळण्यापेक्षा खोल खळग्यांचं एखादं साधं आप्पेपात्र शोधा.