बिघाड बिजागरीत, बिल मात्र स्क्रीनचे

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते आणि विद्यार्थ्यांच्या शोधप्रबंधांचे टंकन व मांडणी घरूनच करते. 2021 मध्ये घेतलेला माझा लॅपटॉप दिवसातून दहा-बारा वेळा उघडला आणि मिटला जातो. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास त्याचे झाकण उघडताना डाव्या बाजूने ‘कट’ असा बारीक आवाज येऊ लागला, आणि काही दिवसांनी स्क्रीनभोवतीची काळी चौकट खालच्या डाव्या कोपऱ्यात सुटून तिच्यात पोस्टकार्ड सरकेल एवढी फट पडली. त्यानंतर झाकण हलू लागले. टंकन करताना ते थरथरायचे आणि हळूहळू मागे कलंडायचे, म्हणून मी त्याच्या पाठीशी जाड शब्दकोश उभे करून काम चालवत राहिले. डिसेंबरात स्क्रीन लुकलुकू लागली, तेव्हा मात्र मी घाईघाईने शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानाचे नाव मी येथे देत नाही, कारण त्यासंबंधीची माझी तक्रार अजून निकाली निघालेली नाही.

दुकानदाराने झाकण दोनदा पुढे-मागे केले, स्क्रीन लुकलुकताना पाहिली आणि म्हणाला, “ताई, स्क्रीनच गेलीया. नवीन टाकावी लागंल. बिजागरीचं त्यातच बघून देतो, काळजी करू नका.” मशीन आत नेऊन तासाभरात त्याने ते माझ्या हाती दिले. स्क्रीनचे 6,000 आणि बिजागरी व मजुरीचे 1,200 असे 7,200 रुपये त्याने घेतले. बिलावर मात्र ‘लॅपटॉप दुरुस्ती’ एवढेच दोन शब्द होते. झाकण आता घट्ट उभे राहत होते, त्यामुळे मला समाधान वाटले. जुनी स्क्रीन परत मागावी हे तेव्हा सुचले नाही आणि त्यानेही ती दाखवली नाही.

तीन आठवड्यांनी पुन्हा तोच ‘कट’ आवाज आला, तीच फट पडली, आणि झाकण एका विशिष्ट कोनापलीकडे नेले की स्क्रीन पूर्वीसारखीच लुकलुकू लागली. या वेळी कॅमेराही अधूनमधून नाहीसा होऊ लागला. स्क्रीन नवी असेल तर तोच दोष त्याच कोनात कसा परत आला, हा प्रश्न मला पडला. दुकानदाराने “तुम्ही जोरात उघडता” असे सांगून आणखी पैसे मागितले. मग ओळखीतून लक्ष्मीपुरीजवळच्या एका वयस्कर तंत्रज्ञांचा पत्ता मिळाला. त्यांनी पहिल्या स्क्रूपासून सगळे काम माझ्यासमोर केले, आणि काय झाले होते ते मला तेथे कळले.

त्यांनी समजावलेली पहिली गोष्ट माझ्या कल्पनेच्या अगदी उलट होती. झाकण ढिले झाले म्हणजे बिजागरी ढिली झाली, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पुष्कळदा बिजागरी प्रमाणाबाहेर घट्ट झालेली असते. लॅपटॉपची बिजागरी दारासारखी मोकळी फिरत नाही. तिच्या दांड्यावर धातूच्या चकत्या दाबून बसवलेल्या असतात आणि त्यांच्या घर्षणामुळे झाकण हव्या त्या कोनात थांबते. आतले वंगण वाळले किंवा चकत्या झिजून एकमेकींत रुतू लागल्या की दांडा जड फिरतो. बिजागरीची धातूची पट्टी झाकणाच्या आत प्लास्टिकच्या छोट्या खुंटांवर स्क्रूने धरलेली असते, आणि त्या खुंटांत स्क्रूसाठी पितळी नट गरम करून बसवलेले असतात. दांडा जड झाला की झाकण उचलण्याचा सगळा जोर या खुंटांवर येतो. मग खुंट तडकतात, पितळी नट स्क्रूसकट उपटून बाहेर येतो आणि पट्टी आत सुटी फिरू लागते. मी झाकण नेहमी डाव्या कोपऱ्याला धरून उघडत असे, त्यामुळे हा जोर एकाच बिजागरीवर पडत होता.

खरोखर ढिली झालेली बिजागरी वेगळी ओळखू येते. तिच्यात चौकट कोठेही सुटलेली नसते, फट नसते, आवाज नसतो. झाकण फक्त आपल्या वजनाने पडते. तशा वेळी अनेक बिजागऱ्यांमध्ये दांड्याच्या टोकाला असलेला नट थोडा आवळून काम भागते. माझ्या मशीनला फट होती आणि आवाजही होता, म्हणजे खुंट तुटल्याचे चिन्ह पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होते.

चौकट काढल्यावर डाव्या कोपऱ्यात पांढरट धुरकट थर दिसला. पहिल्या दुकानदाराने तुटलेले खुंट झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जागेवर डकवले होते आणि त्या गोंदाच्या वाफेने आजूबाजूचे प्लास्टिक पांढरे पडले होते. हा गोंद वाळल्यावर ठिसूळ होतो, त्यामुळे झाकण उघडताना बसणारा उपटणारा ताण तो फार दिवस सोसत नाही. बिजागरीचा जडपणा तर त्याने कमी केलाच नव्हता, म्हणून जोड पुन्हा तुटणारच होता.

खरा दोष त्याच कोपऱ्यात होता. मदरबोर्डाकडून स्क्रीनकडे जाणारी डिस्प्ले केबल माझ्या मशीनमध्ये डाव्या बिजागरीला अगदी लगटून वर जाते. तिच्यात केसाएवढ्या बारीक तारांचा जुडगा असतो आणि कॅमेऱ्याच्या ताराही तिच्याच सोबत जातात. सुटलेली धातूची पट्टी झाकण उघडताना वर उचलली जाई आणि मिटताना केबलला प्लास्टिकवर दाबून धरी. दाबलेल्या जागी आवरण सोलले गेले होते. पहिल्या दुकानदाराला ते दिसलेही होते, कारण त्या नेमक्या जागेवर नवी काळी टेप गुंडाळलेली होती आणि टेपच्या कडेला गोंदाचा थेंब वाळलेला होता. म्हणजे दोष केबलमध्ये आहे हे पाहूनच त्याने स्क्रीनचे पैसे घेतले होते, असे मी म्हणते आणि ते पूर्ण विचाराने म्हणते.

तंत्रज्ञांनी आणखी एक धोका सांगितला. या केबलमधल्या काही तारांतून स्क्रीनच्या मागच्या दिव्यांसाठी वीज जाते. आवरण सोलून ती तार धातूला किंवा शेजारच्या तारेला टेकली, तर मदरबोर्डावरचा फ्यूज उडू शकतो, आणि काही वेळा नुकसान त्याच्याही पुढे जाते. फट दिसू लागल्यावर लॅपटॉप उघडमीट करत राहणे म्हणूनच घातक असते. झाकण आहे त्या कोनात उभे ठेवावे, महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, आणि दुरुस्ती होईपर्यंत ते हलवू नये. मी दोन महिने शब्दकोशांचा आधार देत ते उघडत-मिटत राहिले, त्या काळात केबल रोज चिरडली जात होती.

आता स्क्रीनबद्दल. बसवलेली ‘नवी’ स्क्रीन थोडे खालून पाहिले की काळपट दिसायची, आधीची तशी दिसत नसे. तंत्रज्ञांनी मला मशीनवरच विंडोजमधले पॉवरशेल उघडून पुढची ओळ चालवायला सांगितली:

```
Get-CimInstance -Namespace root\wmi -ClassName WmiMonitorID | Select-Object WeekOfManufacture, YearOfManufacture
```

स्क्रीनच्या आत साठवलेले तिच्या निर्मितीचे वर्ष या ओळीने दिसते. दुसरा मॉनिटर जोडलेला असेल तर त्याचीही नोंद येते, म्हणून तो आधी काढून ठेवावा. माझ्या पडद्यावर वर्ष आले 2017. लॅपटॉप 2021 चा आणि ‘नवी’ स्क्रीन त्याच्याही चार वर्षे आधीची. केवळ जुन्या वर्षावरून स्क्रीन वापरलेली होती असे ठरत नाही, कारण न विकला गेलेला जुना मालही असू शकतो. पण तिच्या पाठीवर जुन्या टेपचे दोन थरांचे चिकट डाग होते, आणि ते गोदामात पडून राहिल्याने येत नाहीत. माझी मूळ, बहुधा पूर्णपणे चांगली स्क्रीन त्या दुकानात राहिली आणि कोणाच्या तरी मशीनमधून काढलेली हलकी स्क्रीन मला मिळाली.

दुकानात जाण्याआधी घरच्या टीव्हीला एचडीएमआय वायरने लॅपटॉप जोडला असता, तर यातले बरेचसे टळले असते. टीव्हीवर चित्र स्थिर असेल तर दोष बहुधा स्क्रीन किंवा केबल यांपैकी एकात आहे. त्यानंतर दुसऱ्या माणसाने झाकण अगदी सावकाश थोडेसेच पुढे-मागे करून पाहावे. कोनाप्रमाणे लुकलुक वाढत किंवा थांबत असेल, तर संशय आधी केबलवर घ्यावा. स्क्रीन स्वतः बिघडलेली असेल तर शाईसारखा काळा डाग, एका बिंदूतून फुटलेल्या चिरा किंवा कोणत्याही कोनात जशाच्या तशा राहणाऱ्या रेषा दिसतात. ही परीक्षा अचूक नाही, कारण स्क्रीनच्या पाठीमागचा केबलचा जोड सैल असला तरी कोनाप्रमाणे फरक पडतो. तरी आधी तो जोड व केबल तपासा आणि मगच स्क्रीनचे बोला, एवढे ठामपणे सांगण्यास ती पुरेशी आहे.

लक्ष्मीपुरीतल्या दुरुस्तीला दोन दिवस लागले. खुंट फारच चुरडले असल्याने त्यांनी झाकणाची मागची बाजूच बदलली. खुंटाचा बराच भाग शाबूत असता, तर दोन नळ्यांतला इपॉक्सी भरून तो पुन्हा उभा करता आला असता. मात्र तो पुरता कडक व्हायला सुमारे एक दिवस लागतो, त्यामुळे तासाभरात झालेली अशी दुरुस्ती टिकण्याची नसते, असे ते म्हणाले. झाकणाचे 1,800, बिजागऱ्यांच्या जोडीचे 700, केबलचे 900 आणि मजुरी 800, असे 4,200 रुपये झाले, आणि बिलावर प्रत्येक भाग स्वतंत्र लिहिला होता. नवी बिजागरी बसवण्याआधी त्यांनी ती माझ्या हातात देऊन फिरवून दाखवली. जुनी शेजारी धरली तेव्हा ती दोन बोटांनी हलेना.

पहिल्या दुकानदाराकडे मी दोनदा गेले. जुनी स्क्रीन भंगारात गेली असे तो म्हणाला, आणि बिलावर स्क्रीनचा उल्लेखच नसल्याकडे त्याने स्वतःहून बोट दाखवले. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे द्यायचा अर्ज लिहून तयार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तेथे शुल्क लागत नाही. पैसे मी मोबाइलवरून भरले होते, त्यामुळे 7,200 रुपयांची नोंद निदान आहे. गोंदाने पांढरे पडलेले झाकण, टेप गुंडाळलेली केबल आणि 2017 हे वर्ष दाखवणाऱ्या पडद्याचे छायाचित्र मी त्या अर्जासोबत जोडणार आहे.