घरात गोंगाट, मीटिंग चालू: एएनसी हेडफोन, इअरबड्स की साधा वायरवाला हेडसेट?

हेडसेट घ्यायला दुकानात गेलं की "नॉइज कॅन्सलेशन" हे सगळ्याच डब्यांवर लिहिलेलं असतं आणि तिथंच गोंधळ सुरू होतो. म्हणून खरेदीच्या आधी एकच गोष्ट ठरवा, त्रास कुणाला होतोय? बाहेरच्या आवाजानं तुम्हाला समोरच्याचं ऐकू येत नाही, की तुमच्या घरातला आवाज समोरच्यांच्या कानात जातोय? हे दोन वेगळे प्रश्न आहेत, उपायही वेगळे. एएनसी म्हणजे हेडफोनच्या बाहेरचा आवाज पकडून त्याच्या उलटी लहर तुमच्या कानात सोडायची, म्हणजे शांतता मिळते ती तुम्हाला. तुमच्या माईकमधून पुढं काय जातंय याच्याशी तिचा संबंध नाही. माईकच्या आवाजाची सफाई करणारी सोय वेगळी असते, डब्यावर तिला बहुतेक वेळा ईएनसी म्हणतात, आणि लोक एएनसी बघून आठ-दहा हजार घालतात आणि मग म्हणतात की मीटिंगमध्ये अजून कुकर ऐकू जातोय.

माझी आत्तेबहीण कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या बाजूला राहते, तिच्याच उदाहरणावरून सांगतो कारण यापेक्षा अवघड घर सापडणार नाही. मागच्या भिंतीला लागून वर्कशॉप, दिवसभर लेथ आणि मधनंमधनं ग्राइंडर, घरात पंखा, स्वयंपाकघरात कुकर, आणि दुपारी सासूबाईंचा टीव्ही. काम पुण्याच्या एका कंपनीचं, दिवसभर क्लायंटशी कॉल. तिच्यासमोर तीन पर्याय होते: लॅपटॉपचाच माईक ठेवायचा आणि झूममधलं सप्रेशन, म्हणजे मागचा गोंगाट दाबायची सोय, फुल करायचं, किंवा एएनसीवाले ब्लूटूथ इअरबड्स, किंवा तोंडापुढं दांडी येणारा यूएसबी हेडसेट.

तुलना करायला आम्ही एक वाक्य ठरवलं, "शिपमेंट सोमवारी सकाळी साडेसहाला सुटेल". मुद्दाम स आणि श भरलेलं, कारण सप्रेशन चुकलं की पहिल्यांदा हीच अक्षरं जातात. ग्राइंडर काय आणि स काय, दोन्ही ऐकायला फस्सकन येणारे उंच पट्टीचे आवाज, त्यामुळं सॉफ्टवेअरला फरक करणं जड जातं. ती वरच्या खोलीतनं बोलणार, मी खाली दार लावून मोबाईलवरून त्याच मीटिंगमध्ये, कानात इअरफोन घालून. टेस्ट अशीच करा, कारण समोरच्याला काय ऐकू जातंय हे स्वतःच्या कानानं कधीच कळत नाही.

पहिला पर्याय, लॅपटॉपचा माईक. झूमच्या `Settings > Audio` मध्ये `Background noise suppression` ला `High` केलं. पंखा पूर्ण गेला, कीबोर्ड गेला, आणि ग्राइंडर बंद असताना आवाज ऐकण्यासारखा होता. पण ग्राइंडर सुरू झाला की मला ऐकू आलं "...पमेंट ओमवारी अकाळी ...डेसहाला", म्हणजे ग्राइंडर बऱ्यापैकी दाबला गेला पण त्याच्याबरोबर तिचे शब्दही कापले गेले. क्लायंटला साडेसहा ऐवजी सहा ऐकू गेलं तर काय होणार सांगा.

याचं कारण अंतर आहे आणि हा हिशोब एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं होतं. माईक तोंडाच्या जवळ आणत गेलं तर अंतर निम्मं झालं की तुमचा आवाज माईकवर ६ डेसिबलने वाढतो. लॅपटॉप साधारण ४८ सेंटिमीटरवर असतो, दांडीचा माईक ३ सेंटिमीटरवर. ४८ चं २४, २४ चं १२, १२ चं ६, ६ चं ३, म्हणजे चार वेळा निम्मं, चोवीस डेसिबलची वाढ. खोलीतला गोंगाट मात्र दोन्ही जागी जवळपास तेवढाच राहतो, कारण तो लांबून भिंतीवरनं येतोय. हिशोब ढोबळ आहे, खोलीप्रमाणे थोडा बदलेल, पण म्हणजे कुठलंही सॉफ्टवेअर न लावता नुसतं माईक जवळ आणून तुमचा आवाज गोंगाटाच्या कितीतरी वर निघतो. मग सॉफ्टवेअरला उरलेलं थोडंसंच साफ करायचं असतं आणि ते शब्दांना हात लावत नाही.

दुसरा पर्याय इअरबड्स. ऐकायला मस्त, एएनसी चालू केलं की लेथची घरघर गायबच, कारण एएनसी असल्या जाड, एकसारख्या आवाजावर सगळ्यात चांगलं चालतं. पण माईक कानापाशी राहतो, तोंडापासून दहा-बारा सेंटिमीटर आणि तेही बाजूला, त्यामुळं अंतराचा फायदा अर्धाच. त्यात ब्लूटूथचा एक जुना त्रास आहे जो दुकानदार सांगत नाही. नुसतं गाणं ऐकताना ब्लूटूथ चांगल्या क्वालिटीत चालतं, पण माईक सुरू झाला की ते कॉलच्या मोडमध्ये जातं आणि तिथं आवाजाची रेंज कापली जाते. चांगल्या केसमध्ये १६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला सोळा हजार वेळा आवाज मोजणं, जुन्या जोडीत ८ किलोहर्ट्झ, म्हणजे जुन्या टेलिफोनसारखा बसका आवाज. सॅम्पलिंगच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज पुढं जातो, आणि स-श यांचा बराच जोर ४ किलोहर्ट्झच्या वर असतो, म्हणजे ८ वाल्या मोडमध्ये तो आधीच गेला. मीटिंग सुरू झाली की तुमच्या कानातलंही अचानक डबक्यातनं आल्यासारखं वाटतं ना, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. सगळ्याच ब्लूटूथमध्ये एवढं वाईट नसतं, स्वतःचा यूएसबी डोंगल घेऊन येणारे ऑफिसवाले हेडसेट वेगळ्या पद्धतीनं चालतात आणि चांगले असतात, पण ते महाग.

बहिणीच्या इअरबड्समधून वाक्य पूर्ण कळलं, पण ग्राइंडर सुरू असताना आवाज पाण्यातनं बोलल्यासारखा आला. एक तर इअरबड्सची आतली सफाई चालू, वर झूमचं `High` चालू, दोघांनी मिळून आवाज दोनदा घासला. झूमला `Low` वर आणलं तर लगेच सुधारलं. ही खूण लक्षात ठेवा: शब्दांची टोकं तुटत असतील, आवाज रोबोटसारखा किंवा पाण्यातला येत असेल, तर सप्रेशन कमी पडत नाहीये, जास्त होतंय. आणि मागचा गोंगाटच स्पष्ट ऐकू येत असेल, तरच ते वाढवायचं. बरेच लोक दोन्ही केसमध्ये वाढवतच जातात.

तिसरा, यूएसबी वायरवाला दांडीचा हेडसेट, दोन-तीन हजारांतला, दिसायला अगदी कॉल सेंटरचा. एएनसी नाही, काही नाही. झूम `Low` वर. ग्राइंडर पूर्ण सुरू असताना "शिपमेंट सोमवारी सकाळी साडेसहाला सुटेल" जसंच्या तसं आलं, मागं ग्राइंडरची बारीक सूं ऐकू येत होती पण वाक्यातलं एक अक्षर गेलं नाही. मला विचाराल तर क्लायंटला मागची थोडी सूं चालते, अर्धवट शब्द चालत नाही. माझं मत इथं पक्कं आहे.

पण दांडी लावण्याची पद्धत महत्त्वाची. माईक नाकातोंडाच्या बरोबर समोर ठेवला की प-फ-भ म्हणताना हवा आदळते आणि समोरच्याला फटफट ऐकू जातं. तोंडाच्या कोपऱ्याला, गालापासून थोडा सुटा, दोन बोटांच्या अंतरावर ठेवायचा, फोमची टोपी असेल तर काढायची नाही. आणि ॲपमध्ये तोच माईक निवडलाय का ते बघा, हेडसेट कानात आणि माईक मात्र लॅपटॉपचाच चालू, असं मी कितीतरी मीटिंगमध्ये ऐकलंय. ओळखायला सोपं, मीटिंगमध्ये यायच्या आधी दांडीच्या माईकवर नखानं हळूच टकटक करा, सेटिंगमधला हिरवा पट्टा उडाला पाहिजे.

अजून एक सेटिंग, झूममधलं `Automatically adjust microphone volume`. तुम्ही गप्प बसला की ते हळूहळू माईकची ताकद वाढवू शकतं, आणि मग तुम्ही बोलत नसताना ग्राइंडर जोरात ऐकू जातो. दांडीचा माईक असेल तर याची टिक काढा, आणि नेहमीच्या आवाजात बोलताना पट्टा मधोमध फिरेल एवढा व्हॉल्यूम ठेवा. टीम्समध्ये सप्रेशन `Settings > Devices` मध्ये `Noise suppression` नावानं असतं, व्हर्जनप्रमाणे जागा थोडी इकडंतिकडं होते. मॅक असेल तर कंट्रोल सेंटरमध्ये माईक मोडमधून `Voice Isolation` मिळतं, ते लावलं तर ॲपमधलं सप्रेशन कमी करा, नाहीतर पुन्हा दोनदा घासणं.

आता टीव्ही. हा तिन्ही पर्यायांत सगळ्यात अवघड निघाला. साधं सप्रेशन माणसाचा आवाज ठेवायचा आणि बाकीचं काढायचं याच तत्त्वावर चालतं, आणि सिरियलमधली सूनबाई पण माणसाच्याच आवाजात बोलते. त्यामुळं लॅपटॉपच्या माईकमध्ये `High` लावूनही तिचे डायलॉग मला ऐकू आले, इअरबड्समध्ये अर्धवट आले, दांडीच्या हेडसेटमध्ये पुटपुटल्यासारखे. फक्त तुमचा आवाज ओळखून बाकीच्यांचा काढणारी सोय झूम आणि टीम्समध्ये आली आहे, त्यासाठी आधी स्वतःचा आवाज थोडा वाचून नोंदवायला लागतो, पण ती सगळ्या अकाउंटला मिळेलच असं नाही, कंपनीच्या ॲडमिननं चालू केलेली असावी लागते. नसेल तर म्यूट ठेवायचं आणि बोलताना झूममध्ये स्पेसबार दाबून धरायचा, टीम्समध्ये विंडोजवर कंट्रोल आणि स्पेस.

म्हणून मग कुणी काय घ्यावं. घर शांत, फक्त पंखा आणि कीबोर्ड, दिवसाला एखादा कॉल: काहीच घेऊ नका, लॅपटॉपचा माईक आणि झूमचं सप्रेशन `Auto` वर पुरे. घरात गोंगाट आणि तुम्ही जास्त बोलता, क्लायंट, इंटरव्ह्यू, ट्यूशन: दांडीचा यूएसबी हेडसेट, दुसरा विचार नको. गोंगाट आहे पण तुम्ही बहुतेक वेळ ऐकताच: एएनसी, आणि तो आधीच घेतलेला असेल तर फेकू नका, ऐकायला ब्लूटूथ एएनसी ठेवा आणि ॲपच्या `Microphone` मध्ये वेगळा वायरवाला माईक निवडा. ब्लूटूथचा माईक कुणीच वापरत नसेल तर कानातली क्वालिटीही खाली येत नाही. संगीत शिकवत असाल तर यातलं सप्रेशन सगळं उलट आहे, तबला-पेटी त्याला गोंगाटच वाटते, तिथं झूमचं `Original sound` लागतं.

बहिणीनं दांडीचाच घेतला, दोन्ही कानांचा. एका कानाचा उन्हाळ्यात बरा वाटतो खरं, पण वर्कशॉपशेजारी मोकळ्या कानानं लेथ ऐकत सहा तास बसणं होत नाही. घेताना बाकीचं काही नाही बघितलं तरी चालेल, पण दांडी वाकवून तोंडापर्यंत खरंच पोचते का आणि सोडली की जागेवर राहते का, एवढं दुकानातच डोक्यावर घालून बघा, आणि साडेतीन एमएमची पिन असेल तर तुमच्या लॅपटॉपला माईक-हेडफोन एकत्र असलेलं एकच भोक आहे का तेही, नाहीतर वेगळा स्प्लिटर घ्यायला लागतो.